कोहमाऱ्याचं अडकलेलं कार्ड

भूमेश्वरी रहांगडाले हिला सकाळी साडेआठला फोन आला तेव्हा ती तिरोड्याच्या आपल्या दुकानाचं शटर नुकतंच वर करत होती. स्क्रीनवरचं नाव बघून तिनं शटर अर्ध्यावरच सोडलं. चैतराम उस्ताद. चार वर्षांत या माणसानं तिला फोन केला नव्हता.

"भूमे, कोहमाऱ्याले येतेस का?" उस्तादांनी नमस्कार-चमत्कार काही केला नाही. "जीवनलालच्या स्टुडिओत हावो मी. कार्ड निघून नाई राहिलं."

"कोणतं कार्ड, उस्ताद?"

"डिस्प्लेचं. मोठ्या पंख्याचं. मागचा स्क्रू स्लिप झाला, आन् खालची कडी सुटून नाई राहिली." मग थोडं थांबून म्हणाले, "झाला म्हणजे, मीच केला स्लिप."

हे शेवटचं वाक्य भूमेश्वरीच्या कानात नीट शिरायला वेळ लागला. गोंदियात कॉम्प्युटर ही वस्तू लोक काचेतून बघत होते, त्या नव्याण्णव सालापासून सुटे भाग जोडून मशीन उभी करणारा हा माणूस. आपल्या हातून काही बिघडलं असं त्यांनी कुणापुढे म्हटलेलं तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"जोर नका लावू," ती म्हणाली. "हातच नका लावू आता. मी येऊन राहिली."

तिनं हत्यारांची पिशवी उचलली, शटर पुन्हा खाली ओढलं आणि गोरेगावची बस धरली.

तिशीला टेकलेली ही बाई बसच्या खिडकीशी बसली की कुणाला वाटणार नाही, की तिच्या पिशवीत पान्यांपासून मल्टिमीटरपर्यंत सगळा संसार आहे. तिरोड्याजवळच्या एका गावात पोवारांच्या घरात ती जन्मली. बापाची धानाची शेती आणि बांधावर एक डिझेल इंजिन. ते इंजिन बिघडलं की मिस्त्री यायचा, आणि सगळी भावंडं आंब्याखाली खेळत असताना ही मिस्त्रीच्या शेजारी उकिडवी बसायची. कोणता नट आधी सुटतो, कोणता शेवटी बसतो, हे तिला पाठ व्हायचं. एकदा मिस्त्री आला नाही, तर बारा वर्षांच्या पोरीनं डिझेलच्या नळीतली हवा काढून इंजिन चालू करून दिलं. पुढे बारावीनंतर तिनं गोंदियाला हार्डवेअरचा कोर्स करतो म्हटलं आणि घरातल्या मोठ्यांनी नाकं मुरडली, तेव्हा बाप एवढंच म्हणाला, "तिचा हात चालते. जाऊ द्या."

कोर्स संपल्यावर ती चैतराम उस्तादांच्या दुकानात लागली. दोन हजार एक साल. दुकानात ती एकटीच बाई. उस्तादांचा हात खरोखर सोन्याचा होता. मशीन चालू केल्यावर पंख्याच्या आवाजावरून ते सांगायचे, की आतला विजेचा डबा, म्हणजे सप्लाय, जाणार आहे, पंधरा दिवस काढेल. आणि पंधरा दिवसांनी तो जायचाच. भूमेश्वरीनं त्यांच्याकडून खूप घेतलं. आणि एक गोष्ट अशीही घेतली, जी त्यांनी द्यायची ठरवली नव्हती.

दोन हजार दोनच्या उन्हाळ्यातली ती गोष्ट. एका सायबर कॅफेचं मशीन आलं होतं. तेव्हा डिस्प्लेच्या कार्डाच्या खाचेला टोकाशी एक प्लास्टिकची कडी यायला नुकती सुरुवात झाली होती. कार्ड हलू नये म्हणून ती कडी कार्डाच्या खालच्या कोपऱ्यातल्या आकड्याला पकडून ठेवते. भूमेश्वरी कार्ड काढायला गेली, ते निघेना. "उस्ताद, निघत नाई," असं ती म्हणाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं. उस्ताद घाईत होते. "अशानं काय होते," म्हणत त्यांनी कार्ड दोन हातांत धरलं आणि ओढलं. 'कट्' असा आवाज झाला. कार्ड निघालं, पण कडीसकट खाचेचा अर्धा भागही बोर्डावरून उपटून आला.

 मग उस्ताद गिऱ्हाइकाकडे वळून म्हणाले, "नवी पोरगी आहे, भाऊ. हिनं आधी वाकडं ओढून ठेवलं होतं."

भूमेश्वरीनं उपटलेला तुकडा उचलून टेबलावर ठेवला. गिऱ्हाईक तिच्याकडे ज्या नजरेनं बघून गेलं, ती नजर मात्र तिच्या मनात राहिली. त्या दिवसानंतर उस्तादांनी तिला प्रिंटर दिले, माऊस दिले, वायरी बसवायला दिल्या. कार्डाला हात लावू दिला नाही. तेव्हा ती काय करायची, तर दुपारी दुकान सुस्तावलं की मागच्या खोलीतले भंगारातले बोर्ड काढायची आणि त्यांच्यावरच्या कड्या एकेक करून उघडून बघायची. काही खाली दाबल्या की सुटतात. काही बाजूला सरकतात. काही बाहेरच्या अंगाला कलतात. कंपनी बदलली की कडीची तऱ्हा बदलते. तीन वर्षांत तिनं इतक्या कड्या उघडल्या, की बोटाच्या पेरानं चाचपून ती सांगायची ही कुठल्या बाजूनं सुटेल. दोन हजार सातला तिनं तिरोड्यात स्वतःचं दुकान टाकलं. उस्तादांनी निरोपाचा पेढा खाल्ला आणि म्हणाले, "चांगलं आहे." बस्स, तेवढंच.

गोरेगावला बस बदलून ती कोहमाऱ्याच्या चौकात उतरली तेव्हा बारा वाजून गेले होते. महामार्गावर ट्रकांची रांग, धाब्यांवरच्या फोडणीचा वास, आणि चौकातून आत जाणाऱ्या गल्लीत जीवनलाल पटलेचा फोटो स्टुडिओ. आजूबाजूच्या तीस गावांतली लग्नं जीवनलाल शूट करायचा आणि स्टुडिओतल्या एकुलत्या मशीनवर कापून-जोडून त्यांची सीडी, लोकांच्या तोंडी 'शिडी', बनवायचा. डीव्हीडी आल्या तरी लोक शिडीच म्हणायचे.

आत शिरताच तिला तिघं दिसली. जीवनलाल कपाळाला हात लावून स्टुलावर बसलेला. बाकावर हिरव्या चुड्यातली एक नवी नवरी. आणि टेबलाशी चैतराम उस्ताद, केस पांढरे झालेले, चष्म्याच्या काचा जाड झालेल्या. ते उठले नाहीत. त्यांचा उजवा हात गुडघ्यावर होता आणि तो बारीक थरथरत होता. भूमेश्वरीची नजर हातावर गेलेली पाहून त्यांनी दुसरा हात त्याच्यावर ठेवला.

"दीड वर्ष झालं," ते म्हणाले. "डॉक्टर म्हणते नस आहे. बस तू."

"मॅडम, पाणी तरी घ्या," असं म्हणत जीवनलाल उठला आणि पाण्याआधी त्यानं सगळी हकीकतच ओतली. "काल संध्याकाळी पडद्यावर रंगीत पट्टे आले. मग बंद. सकाळी उस्ताद आले, म्हणाले कार्डाचा पंखा जाम झाला, कार्ड जळलं. नवं घेऊनच आले. पण जुनं निघूनच नाई राहिलं! या रविताताईच्या लग्नाची शिडी याच्यात आहे. यांचे मिस्टर फौजेत. आज रात्रीच्या गाडीनं गोंदियावरून चालले. शिडी सोबत घेऊनच जाईन म्हणून अडून बसले आहेत."

"ते घरी सामान बांधून राहिले," नवरी म्हणाली. आवाज बारीक, पण स्पष्ट. "साडेपाचला मले घ्याले येतीन. पट्टे आले म्हणजे लग्नाचं सगळं पुसलं गेलं का वो, ताई?"

"नाई, बाई," भूमेश्वरी तिच्याकडे वळली. "तुझं लग्न हार्ड डिस्कमध्ये आहे, या डब्यात. हे कार्ड फक्त चित्र पडद्यावर पाठवते. पडदा आंधळा झाला, लग्न कुठं गेलं नाई."

रविता बाकावर नीट टेकून बसली.

"मग डिस्कच काढून दुसऱ्या मशीनवर लावू," जीवनलाल म्हणाला.

"लागेल. फिल्लमचे तुकडे दिसतीन. पण जोडायचं सॉफ्टवेअर अन् तुम्ही केलेली जोडणी या मशीनवर बसली आहे. दुसरीकडे सगळं पहिल्यापासून करावं लागंन."

"पहिल्यापासून म्हणजे चार दिवस," जीवनलाल खाली बसला.

भूमेश्वरीनं ओढणी कमरेला खोचली. मशीन टेबलावर आडवं ठेवलेलं होतं, झाकण काढलेलं. तिनं आधी भिंतीतली पिन काढलेली आहे ना ते स्वतः बघितलं, मशीनचं बटण दाबून आत उरलासुरला करंट जाऊ दिला, आणि डब्याच्या उघड्या पत्र्यावर तळहात टेकवला. मग वाकून आत पाहिलं.

कार्ड उभं होतं, विटेएवढं जाड, एका अंगाला पंख्याचं मोठं काळं कवच. त्याच्या मागच्या टोकाला लोखंडी पट्टी. ती डब्याच्या मागच्या पत्र्याला दोन स्क्रूंनी कसलेली. एक स्क्रू उस्तादांनी काढला होता. दुसऱ्याच्या डोक्यातली अधिकच्या चिन्हासारखी खाच पार चाटून गुळगुळीत झाली होती. स्क्रूच्या कडेला तांबूस गंज. मशीन दोन पावसाळे ओलसर फरशीवर ठेवलेलं असणार.

"पेचकस कोणता वापरला?"

उस्तादांनी टेबलावरचा पेचकस दाखवला. टोक बारीक होतं. "मोठा गोंदियालाच राहिला," ते म्हणाले. "हात हलते, पेचकस घसरते. चार वेळा घसरला."

एका वेगळ्या वीजवायरची जोडणी कार्डाच्या माथ्यावर लागलेली होती. तिनं तिची खिट्टी दाबून ती आधी सोडवून घेतली. तेवढ्यात जीवनलाल पुढे वाकला.

"मॅडम, एक सांगू? तो एकच तर स्क्रू आहे. पट्टी वाकली तर वाकली. जुनं कार्ड तसंही मेलंच आहे. दोघांनी धरून जोरानं ओढलं तं..."

"नाई!"

हा आवाज उस्तादांचा होता, आणि तो इतका मोठा होता की बाहेरून जाणारा माणूस दारात थबकला.

"कार्ड मेलं, बोर्ड जिवंत आहे," उस्ताद म्हणाले. "ओढलं तं खाच उपटून हातात येईल. मग या बोर्डावर नवं कार्ड बसवणार कुठं? या बोर्डाले दुसरी जागा नाई."  ते जीवनलालकडे बघत होते, पण पुढचं बोलणं कुणासाठी होतं हे खोलीत एका माणसाला तरी कळत होतं. "मी केलं आहे ते एकदा. दोन हजार दोनमध्ये. गिऱ्हाईक बसलं होतं, मले घाई होती. कडी न सोडता ओढलं. खाच उपटली. आन् मी नाव हिचं सांगितलं."

 जीवनलाल कार्डाकडे बघू लागला. रविता एकदा उस्तादांकडे, एकदा भूमेश्वरीकडे बघत राहिली.

भूमेश्वरीच्या हातात तेव्हा ती सुटलेली वायर होती. तिनं ती नीट बाजूला वळवून ठेवली. नऊ वर्षं ती या वाक्याची वाट बघत होती का? असंही नव्हतं. वाट बघणं तिनं केव्हाच सोडलं होतं. पण मनात एक जागा होती, जिथं दुकानातलं ते गिऱ्हाईक अजून बसून तिच्याकडे बघत होतं. आता ते उठून गेल्यासारखं वाटलं.

"उस्ताद," ती म्हणाली, "तुम्ही इकडे या. माह्या जवळ बसा. मले तुमचे कान लागतील."

मग तिनं पिशवीतून एक हत्यार काढलं: लाकडी मूठ, पुढं लोखंडी नळी, आणि नळीच्या तोंडाला आत सहा कोन.

"खाच चाटली, पण डोक्याच्या बाहेरच्या कडेकडे बघा," ती जीवनलालला म्हणाली. "सहा बाजू आहेत का नाई? त्या शाबूत आहेत. पेचकस खाचेत बसते, हा पाना बाहेरून पकडते."

स्क्रू खाली आत पडू नये म्हणून तिनं कार्डाच्या कडेला वर्तमानपत्राची घडी अंथरली. पाना डोक्यावर सरळ बसवला. आणि पहिल्यांदा तिनं तो सोडायच्या दिशेनं नाही, तर आवळायच्या दिशेनं अगदी केसभर फिरवला.

"उलटा काऊन फिरवून राहिली?" रविता बाकावरून उठून जवळ आली होती.

"गंजानं धरलेला आहे. थोडा आवळला की पकड तुटते. मग उलटा येते."

'कर्र' असा कोरडा आवाज आला. तिनं दिशा बदलली. स्क्रू आधी अडला, मग वळला, आणि पाच-सहा फेऱ्यांत मोकळा होऊन पान्याच्या तोंडातच राहिला. तिनं तो टेबलावर ठेवला. उस्तादांनी मान हलवली.

"आता कडी," ती म्हणाली.

कडी दिसत नव्हती. खाचेच्या आतल्या टोकाशी, बोर्डाला अगदी लागून, कार्डाच्या खाली ती असते. एका अंगानं पंख्याच्या कवचानं वाट अडवली होती, दुसऱ्या अंगानं प्रोसेसरचा थोराड पंखा आणि मेमरीच्या पट्ट्या. बोट जाण्याइतकी फट नव्हती. तिनं पिशवीतून गोल आरसा काढला, बायकांच्या पर्समध्ये असतो तसला.

"रविताबाई, हात थरथरत नाई ना तुझा?"

"दुसऱ्यांच्या हातावर मेहंदी काढताना नाई थरथरत."

"मग हा आरसा इथं धर. थोडा तिरपा. जीवनलालभाऊ, तुम्ही मोबाइलचा लाइट वरून मारा. माह्या डोळ्यांत नाई, आरशात."

आरशात कडी दिसली. पांढरट प्लास्टिकची, धुळीनं माखलेली, वरून चपटी जिभली असलेली. तिचं नाक कार्डाच्या आकड्यात रुतलेलं. भूमेश्वरीला ओळख पटली: भंगारातल्या बोर्डांवर या घराण्याच्या पंचवीसेक तरी तिनं उघडल्या होत्या.

"ही खाली दाबायची. दाबली की मागं कलते आणि कार्ड सोडते."

"मी तेच करून राहिलो होतो," उस्ताद म्हणाले. "एका हातानं कार्ड वर ओढलं, दुसऱ्या हातानं पेचकसानं दाबली. दगड झाली आहे ती."

"वर ओढलं म्हणूनच दगड झाली, उस्ताद," ती म्हणाली, आणि बोलताना आवाजात जराही टोमणा नव्हता. "कार्ड वर ओढलं की आकडा कडीच्या नाकाले आणखी घट्ट रुतते. मग तुम्ही किती दाबा, ते हलणारच नाई. पहिले कार्ड खाली दाबायचं. मग नाकावरचा ताण जाते. मग कडी."

उस्तादांनी आरशात पुन्हा पाहिलं. मग हळूच म्हणाले, "कोणी सांगितलं तुले?"

"तुमच्या भंगारातल्या बोर्डांनी."

पेचकसाला तिनं हात लावला नाही. पेचकस कडीवरून घसरला, की त्याचं टोक बोर्डावरच्या केसासारख्या तांब्याच्या रेघा कापतं, आणि मग कुठला उस्ताद आला तरी उपयोग नाही. तिनं बांबूची चपटी कामटी काढली. गावातल्या बुरडाकडून टोपलीच्या कामट्यांतली एक मागून आणून तिनं ती स्वतः तासली होती, एक टोक बोथट, वीतभर लांब. त्याआधी कोरड्या ब्रशनं कडीभोवतीची धूळ झाडली. उदबत्तीच्या धुरानं ती धूळ चिकट झाली होती. शेजारीच जीवनलालचा देव्हारा होता. फुंकणीनं उरलेली उडवली. तेल घालायचा विचार जीवनलालनं बोलून दाखवला, तेव्हा तिनं नकाराची मान हलवली; तेल बोर्डावर पसरतं आणि धूळ धरून ठेवतं.

डावा तळहात तिनं कार्डाच्या वरच्या काठावर ठेवला आणि सरळ खाली दाबलं. जोर असा की पोळपाटावर ठेवलेला गोळा चपटा व्हावा, त्याहून जास्त नाही. उजव्या हातानं कामटी तिरपी आत घातली, आरशात बघत जिभलीवर टेकवली, आणि दाबली.

काही झालं नाही.

कामटी थोडी आत, टोकाकडे सरकवली. तिथं दाब जास्त लागतो. पुन्हा दाबली. 'टिक्' झालं.

"सुटली!" जीवनलाल म्हणाला आणि लाइट हलला.

"नाई," उस्तादांनी डोळे मिटले होते. "अर्धी आली. हा आवाज तिच्या बिजागरीचा आहे. नाक अजून आत आहे. दुसरा आवाज मोठा येईल."

भूमेश्वरीनं आरशात पाहिलं. खरंच, जिभली कलली होती, पण नाकाचं टोक आकड्याच्या काठाला अजून अडकलेलं. तिनं कार्डावरचा तळहात किंचित आणखी दाबला, कामटी तशीच ठेवली, आणि दम धरला. एक, दोन, तीन. बाहेर महामार्गावरून एक जड ट्रक गेला, टेबलाला हलका कंप आला.

'टक्.'

"हां," उस्ताद म्हणाले आणि डोळे उघडले.

आता तिनं कामटी दाबलेलीच ठेवून डावा हात सैल केला. कार्ड आपोआपच अर्ध्या दाण्याएवढं वर आलं. कडी मागं पडली ती पडलेलीच राहिली. मग कामटी बाहेर. दोन्ही हातांनी कार्डाची दोन टोकं धरली, एक लोखंडी पट्टीकडचं, एक आतलं. पंख्याच्या कवचाला धरलं नाही. वाकडं न करता, दोन्ही टोकं बरोबर ठेवून, आधी जरा या टोकाला, जरा त्या टोकाला सैल करत तिनं ते सरळ वर उचललं. पट्टीची जिभली पत्र्याच्या फटीतून सुटली आणि विटेएवढं ते कार्ड तिच्या हातात आलं, निमूटपणे, जणू कधी अडकलंच नव्हतं.

रवितानं आरसा खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी टाळी वाजवली. मग तिची तिलाच लाज वाटली.

भूमेश्वरीनं लाइट घेऊन खाच तपासली. काठ शाबूत, आतल्या पिना सरळ, कडी जागेवर आणि आता हलती. उस्तादांनी चष्मा वर करून स्वतः बघितलं. बघून झाल्यावर त्यांनी टेबलाखालून नव्या कार्डाचा खोका काढून तिच्या हातात दिली.

"तूच बसव."

बसवणं हे काढण्यापुढं काहीच नव्हतं. नवं कार्ड तिनं खाचेवर सरळ उभं केलं, दोन्ही टोकांवर सारखा दाब दिला, कडी स्वतःहून 'टक्' करून मिटली. मागच्या पट्टीला दोन नवे स्क्रू, यावेळी जाड टोकाच्या पेचकसानं, बेताचे आवळलेले. वीजवायर लावली. पडद्याची वायर जुन्या जागेवरून नव्या कार्डाला जोडली. पिन भिंतीत. बटण.

पंखा फिरला. पडदा दोन क्षण काळा राहिला आणि जीवनलालनं देव्हाऱ्याकडे बघितलं. मग अक्षरं आली, मग चित्र. कार्डाची सीडी घालून तिनं त्याचं सॉफ्टवेअर बसवलं, मशीन एकदा बंद-चालू केलं, आणि मग जीवनलालनं त्याचं काम उघडलं. पडद्यावर मंडपात उभी असलेली रविता दिसली, डोक्यावर बाशिंग, आणि शेजारी कडक उभा फौजी, लग्नातही सावधान मुद्रेत.

"असेच उभे असतात ते," रविता म्हणाली आणि तोंडावर पदर घेतला.

दोन वाजले होते. जीवनलालनं उरलेले तुकडे जोडले आणि शिडी तयार होण्यासाठी मशीन लावून दिलं. पडद्यावरची पट्टी हळूहळू पुढं सरकत गेली. चार वाजून दहा मिनिटांनी पहिली शिडी बाहेर आली. दोन बनवल्या, एक फौजीसाठी, एक सासरी ठेवायला. साडेपाचला मोटारसायकल दारात आली. रविताच्या नवऱ्यानं, दुर्गेशनं, हेल्मेट काढून सगळ्यांना नमस्कार केला. रवितानं भूमेश्वरीकडे बोट दाखवून त्याला काहीतरी सांगितलं, मध्येच हातानं दाबून दाखवलं, वर उचलून दाखवलं. फौजीनं गंभीरपणे सगळं ऐकलं आणि मग भूमेश्वरीला कडक सलाम ठोकला. तिला हसू आलं. तिनंही हात कपाळाशी नेला.

जीवनलालनं चहा मागवला होता. उस्ताद आणि ती स्टुडिओच्या पायरीवर बसली. उस्तादांनी कप डाव्या हातात धरला होता.

"मी दुकान बंद करून राहिलो," ते म्हणाले. "पोरगा रायपूरले बोलावते. दुकानाची जागा तुले देतो म्हटलं तं?"

"गोंदियाची?"

"बाजारातली. तुह्यासारख्या हाताले तिरोडा लहान आहे."

भूमेश्वरीनं चहा संपवला. गोंदियाचं दुकान, मोठा रस्ता, मोठं गिऱ्हाईक. एकेकाळी याच गोष्टीसाठी तिनं जीव टाकला असता. पण आता तिरोड्यात तिचं नाव होतं, वीज केंद्राच्या बांधकामावरच्या ऑफिसांतली मशीन तिच्याकडे येत होती, नवरा तिथंच कामाला होता, आणि मुलगी शाळेतून सुटून दुकानातच येऊन बसायची.

"नाई, उस्ताद. माहं दुकान बरं आहे," ती म्हणाली. "पण एक मागते. रायपूरले नका जाऊ एवढ्यात. मंगळवारी तिरोड्याले बाजार असते, गर्दी असते. तुम्ही येऊन बसा माह्या दुकानात. हात नका लावू. नुसतं ऐका. मशीन चालू करून देते, तुम्ही सांगा काय बिघडलं."

"थरथरता म्हातारा ठेवून तुले काय फायदा?"

"आज दुसरा आवाज तुम्हीच ऐकला. मी पहिल्याच आवाजावर उचलणार होती."

हे काही पूर्ण खरं नव्हतं. आरशात तिला नाक अडकलेलं दिसलंच असतं. पण थोडं खरं होतं, आणि उस्तादांना तेवढं पुरलं. त्यांनी कप खाली ठेवला आणि चष्म्याच्या काचा सदऱ्याला पुसल्या.

"मंगळवारी लोकल किती वाजता असते?" त्यांनी विचारलं.

"गोंदियावरून निघून साडेनऊले तिरोड्याले पोचते. मी स्टेशनवर येते घ्याले."

"काही नको येऊ. पाय चालतात माहे."

पुढच्या मंगळवारी ते आले. एका शाळेचं मशीन टेबलावर होतं, चालू होत होतं आणि दहा मिनिटांनी बंद पडत होतं. भूमेश्वरीनं बटण दाबलं. उस्तादांनी डोळे मिटले, मान कलती केली, आणि शाळेचे गुरुजी दोघांकडे आळीपाळीनं बघू लागले.

"हे कोण, मॅडम?" गुरुजींनी हळू आवाजात विचारलं.

"माहे उस्ताद," ती म्हणाली. "थांबा जरा, बोलू नका. ऐकून राहिले ते."